ड्रोनचं ॲप चिनी भाषेत असेल, तर ‘घरी परत ये’ हे नेमकं कुठे सांगायचं?

माझ्या मामेभावाने गेल्या दिवाळीत एक जुना ड्रोन घेतला. घडी घालून जॅकेटच्या खिशात बसेल एवढा. आधीच्या मालकाने तो चीनमध्ये वापरला होता, त्यामुळे स्क्रीन असलेल्या रिमोटमधलं ॲप सगळं चिनी भाषेत होतं. वाईजवळच्या गावात, मामाच्या शेतात त्याने तो पहिल्यांदा उडवायला काढला तेव्हा स्क्रीनवर पिवळी पट्टी आली. त्यात आठ-दहा चिनी अक्षरं आणि एक बटण. भाऊ म्हणाला, “ताई, ओके दाबू का? काहीतरी विचारतोय.”

ते बटण कंपासच्या कॅलिब्रेशनचं होतं आणि आम्ही उभे होतो मामाच्या ट्रॅक्टरच्या बाजूला. तिथे ते दाबणं ही त्या दिवसातली सगळ्यात मोठी चूक ठरली असती. का, ते पुढे येईलच.

रिमोटची भाषा बदलता येत असेल तर आधी तेच करा. गिअरच्या चिन्हात जाऊन 语言 ही दोन अक्षरं शोधायची. याचा अर्थ ‘भाषा’. ॲप फोनवर चालत असेल तर अनेकदा ते फोनचीच भाषा उचलतं. पण फक्त चिनी बाजारासाठी काढलेल्या काही ॲपमध्ये दुसरी भाषाच नसते. तेव्हा स्क्रीन वाचण्याला पर्याय उरत नाही. यासाठी चिनी भाषा शिकायची गरज नाही. पंधरा-वीस अक्षरसमूह ओळखता आले तरी पुरतात, आणि ड्रोन हरवेल की नाही हे त्यातल्या चार-पाचांवर ठरतं.

अक्षरं वाचायची नाहीत, ओळखायची

फोनचा कॅमेरा स्क्रीनवर धरून भाषांतर करणारी ॲप इथे उपयोगी पडतात, पण त्यांच्यावर पूर्ण विसंबू नका. मेन्यूमधले शब्द एकटे असतात, पुढेमागे वाक्य नसतं, त्यामुळे भाषांतर भलतीकडे जातं. उदाहरणार्थ 悬停 म्हणजे ड्रोनने हवेत एका जागी तरंगत राहणं. भाषांतरात ते ‘लटकलेलं’ किंवा ‘थांबवलेलं’ असं काहीही येऊ शकतं. 返航 याचा शब्दशः अर्थ ‘परतीचा प्रवास’ असा होतो, त्यामुळे ॲप एखाद्या जहाजाबद्दल बोलतंय असं वाटतं. खरं तर तेच आपलं रिटर्न टू होम.

त्यापेक्षा शब्दांचे तुकडे लक्षात ठेवणं सोपं जातं. 返航 या जोडीला 高度 जोडलं की 返航高度, म्हणजे परतीची उंची. 点 जोडलं की 返航点, म्हणजे ड्रोन जिथे परत येणार तो बिंदू. 高 हे अक्षर मुळात उंच इमारतीच्या चित्रावरून आलं आहे, आणि एकदा हे कळलं की त्यात मजल्यांची माडी दिसायला लागते. आकड्यापुढे चांदणीसारखं 米 दिसलं तर ते मीटर.

दुसरी महत्त्वाची जोडी 校准, म्हणजे कॅलिब्रेशन. ही फसवी आहे, कारण ती एकाच ॲपमध्ये चार ठिकाणी दिसू शकते. 指南针校准 हे कंपासचं, IMU校准 हे आतल्या तोल-सेन्सरचं, 云台校准 हे कॅमेऱ्याच्या गिम्बलचं आणि 遥控器校准 हे रिमोटच्या दांड्यांचं. शेवटची दोन अक्षरं सगळीकडे तीच, म्हणून आधीची अक्षरं पाहायची. 指南针चा शब्दशः अर्थ ‘दक्षिण दाखवणारी सुई’. आपण होकायंत्र उत्तर दाखवतं म्हणतो, चिनी भाषेत त्याच सुईचं दुसरं टोक मोजलं जातं. कॅमेऱ्यातल्या भाषांतरात ‘दक्षिण’ आणि ‘सुई’ दिसली तर गोंधळू नका, तो कंपासच आहे.

आणि एक अक्षर लाल शाईने लिहून ठेवावं असं आहे: 失. याचा अर्थ हरवणं, निसटणं. 失败 म्हणजे काम फसलं. 失联 म्हणजे संपर्क तुटला. 失控 म्हणजे ताबा सुटला. स्क्रीनवर कुठेही 失 दिसलं की थांबून पाहायचं. कॅलिब्रेशन नीट झालं असेल तर 成功 येतं, म्हणजे यशस्वी.

ट्रॅक्टरजवळ ते बटण का दाबायचं नव्हतं?

ड्रोनला आपण कुठे आहोत हे जीपीएसवरून कळतं. पण आपलं नाक कोणत्या दिशेला आहे हे जीपीएस सांगत नाही, विशेषतः एका जागी तरंगत असताना. ते काम कंपास करतो. समजा वाऱ्याने ड्रोन एक मीटर पूर्वेला ढकलला. जीपीएस सांगतो, पूर्वेला सरकलास. मग ड्रोन पश्चिमेकडे झुकतो आणि जागेवर येतो. पण कंपास ३० अंशांनी चुकत असेल, तर तो ज्याला पश्चिम समजतो ती पश्चिम नसते. तो तिरका सरकतो, पुन्हा चूक दिसते, पुन्हा तिरका सरकतो. बाहेरून पाहणाऱ्याला ड्रोन गोल गोल फिरताना दिसतो आणि ती वर्तुळं मोठी होत जातात. या अवस्थेत परतीचा आदेश दिला, तर तो घराकडे सरळ येण्याऐवजी वळणं घेत येतो किंवा भरकटतो.

कॅलिब्रेशनमध्ये काय होतं? ड्रोनमध्ये स्वतःचं लोखंड, मोटरमधले चुंबक, तारा असतात. त्यांचा कंपासवर कायमचा थोडा परिणाम असतो. ड्रोन सगळ्या बाजूंनी फिरवला की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्याच्यासाठी फिरतं, पण त्याच्या स्वतःच्या लोखंडाचा परिणाम त्याच्यासोबतच राहतो. या फरकावरून तो आपला दोष किती हे मोजतो आणि पुढे तेवढा वजा करतो.

आता हेच ट्रॅक्टरपासून दोन हातांवर केलं तर? ट्रॅक्टरचं लोखंड हिशोबात मिसळतं. ड्रोन आपला दोष चुकीचा मोजतो, आणि वर गेल्यावर ट्रॅक्टर दूर राहतो तरी ती चुकीची वजाबाकी चालूच राहते. काही वेळा ॲप अशा ठिकाणी 失败 दाखवून कॅलिब्रेशन नाकारतं, आणि ते आपलं नशीब. नाकारलं नाही तर कळतही नाही.

हे फक्त ट्रॅक्टरचं नाही. घराच्या गच्चीवर स्लॅबमध्ये सळया असतात. बोअरवेलचं केसिंग, लोखंडी गेट, मोटारसायकल, गटाराचं झाकण, अगदी खिशातला फोन आणि चुंबकाचं बटण असलेलं पाकीट. म्हणून ‘कंपासमध्ये अडथळा’ असा इशारा आला की पहिली पायरी कॅलिब्रेशन नाही. ड्रोन उचलून पंधरा-वीस पावलं मोकळ्या मातीत नेऊन ठेवायचा. इशारा गेला, तर दोष जागेचा होता आणि कॅलिब्रेशनची गरजच नव्हती. आम्ही खळ्याच्या पलीकडे, कांदा काढून मोकळ्या झालेल्या वाफ्यात ड्रोन ठेवला. तिथेही पट्टी गेली नाही, म्हणजे हे काम करावंच लागणार होतं. तसंही अनेक ड्रोनच्या पुस्तिका सांगतात की मागच्या उड्डाणापासून ५० किलोमीटरपेक्षा लांब आलात किंवा महिनाभर ड्रोन उडवला नसेल तर कंपास पुन्हा कॅलिब्रेट करा. हा तर दुसऱ्या देशातून आला होता.

कृती अगदी साधी असते. 指南针校准 उघडून 开始 (सुरू करा) दाबायचं. स्क्रीनवर ड्रोनचं चित्र येतं आणि 水平 दिसतं, म्हणजे आडवा. ड्रोन जमिनीला समांतर धरून आपण स्वतः एक पूर्ण गिरकी घ्यायची. मग 竖直, म्हणजे उभा. नाक जमिनीकडे करून पुन्हा एक गिरकी. काही मॉडेलमध्ये तिसरी बाजूही मागतात. अक्षरं कळली नाहीत तरी चित्राप्रमाणे करायचं. रिमोट आणि फोन दुसऱ्याच्या हातात द्यायचा, म्हणजे ते ड्रोनजवळ राहत नाहीत. हे मोटर बंद असतानाच.

आणि नीट झालं का, हे तपासायला भाषा लागतच नाही. नकाशावर ड्रोनचं चिन्ह बाणासारखं असतं. ड्रोनचं नाक आपल्याला माहीत असलेल्या दिशेला करायचं. आम्ही मांढरदेवच्या डोंगराकडे केलं. बाणही तिकडेच वळला पाहिजे. मग नव्वद अंश फिरवून पुन्हा पाहायचं. चिनी ॲपच्या नकाशात कधी कधी भारताचा भाग जवळपास कोरा दिसतो, पण वरची बाजू उत्तर धरली तर बाणाची दिशा तरीही तपासता येते.

IMU मात्र हलवायचा नाही

इथे नवशिक्यांची सर्वात सोपी चूक होते. दोन्हीकडे 校准 दिसतं, आणि कंपाससाठी ड्रोन फिरवायचा हे ऐकलेलं असतं. IMU म्हणजे कल आणि हालचाल मोजणारे सेन्सर. त्यांना ‘सपाट आणि स्थिर म्हणजे काय’ हे शिकवायचं असतं. म्हणून ड्रोन थंड असताना, सपाट टेबलावर, चित्रात दाखवल्याप्रमाणे पंख उघडून किंवा मिटून ठेवायचा आणि काम पूर्ण होईपर्यंत हात लावायचा नाही. याला काही मिनिटं लागतात. काही मॉडेल मध्येच ड्रोन कुशीवर किंवा पालथा ठेवायला सांगतात, तेही चित्र पाहून, आणि प्रत्येक वेळी ठेवल्यावर हात बाजूला.

उतरत्या जागी हे केलं तर ड्रोन त्या उतारालाच सपाट समजतो आणि उडताना एका बाजूला सरकत राहतो. ॲपमध्ये IMU समोर 正常, म्हणजे ‘सामान्य’, दिसत असेल तर याला हात लावू नये हेच माझं मत. भावाने हौसेने 校准 दाबलंच होतं. मी 取消, म्हणजे रद्द, दाबून बाहेर पडायला लावलं.

परतीची उंची: हा आकडा कुठून मोजतात?

आता ज्या गोष्टीमुळे सर्वात जास्त ड्रोन जातात तिच्याकडे येऊ. 安全 (सुरक्षा) या टॅबमध्ये 返航高度 सापडलं. समोर आकडा होता ३०, पुढे 米. आधीचा मालक बहुधा सपाट मैदानावर उडवत असावा.

हे ३० मीटर जमिनीपासून नाहीत, समुद्रसपाटीपासूनही नाहीत. ते जिथून ड्रोन उडाला त्या जागेपासून मोजलेले असतात. ड्रोन पुढे गेल्यावर खालची जमीन चढली की खोल गेली, याचा या आकड्याशी संबंध नाही. सपाट प्रदेशात हा फरक जाणवत नाही. सह्याद्रीच्या कडेला मात्र तो जीवघेणा असतो, निदान ड्रोनच्या.

मामाच्या शेतापलीकडे डोंगराची एक सोंड खाली उतरते. शेतापासून ती साधारण ४५ मीटर उंच, वर दहा मीटरची झाडं. म्हणजे सगळं मिळून ५५. सोंडेच्या पलीकडे, आमच्यापासून सुमारे ३०० मीटरवर, पाझर तलाव. भावाला अर्थातच तलावाचा व्हिडिओ हवा होता.

समजा ड्रोन सोंड ओलांडून ७० मीटर उंचीवर तलावावर गेला आणि तिथेच संपर्क तुटला. बहुतेक ड्रोनमध्ये नियम असा असतो की आत्ताची उंची ठरवलेल्या परतीच्या उंचीपेक्षा जास्त असेल तर त्याच उंचीवरून परत यायचं. म्हणजे ७० वरून. सोंड ५५ वर, ड्रोन सुखरूप.

आता समजा भावाने पाणी जवळून दिसावं म्हणून तो २५ मीटरपर्यंत खाली आणला. इथेच संपर्क तुटण्याची शक्यता जास्त, कारण मध्ये डोंगर आला. आता ड्रोनची उंची परतीच्या उंचीपेक्षा कमी आहे, म्हणून तो आधी ३० मीटरवर चढणार आणि मग घराच्या दिशेने सरळ रेषेत निघणार. सरळ रेषेत ५५ मीटरची सोंड. पुढचे सेन्सर असलेले ड्रोन अडथळा पाहून थांबू किंवा वर चढू शकतात. पण लहान हौशी ड्रोनमध्ये ते अनेकदा नसतात, आणि असले तरी विजेच्या तारा, पानं गळालेल्या बारीक फांद्या आणि अंधार यांपुढे ते कमी पडतात.

आम्ही आकडा ८० केला. ५५ अधिक २५ मीटर मोकळीक, कारण झाडांचा अंदाज डोळ्यांनी घेतलेला आणि उंचीचा सेन्सर हवेच्या दाबावर चालतो, त्यात काही मीटर इकडेतिकडे होतात. मग थेट १२० का नाही? एक तर भारतात ग्रीन झोनमध्येही मर्यादा १२० मीटर आहे, आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात तर ६० मीटरच. दुसरं म्हणजे प्रत्येक चढलेला मीटर बॅटरी खातो, आणि वर वारा जास्त असतो. परतीच्या वाटेवर तोच वारा समोरून आला तर ड्रोन पूर्ण जोर लावूनही रांगत येतो. जवळच्या सर्वात उंच अडथळ्यापेक्षा वीस-पंचवीस मीटर वर, यापलीकडे जाण्यात फायदा नाही. आणि त्याच टॅबमधली 最大高度, म्हणजे कमाल उंची, परतीच्या उंचीपेक्षा कमी ठेवू नका.

एक गोष्ट विसरली जाते. डोंगराच्या माथ्यावरून ड्रोन उडवून दरीत नेला तर सगळं उलटं होतं. शून्य माथ्यावर असतो, त्यामुळे स्क्रीनवर उंची वजा ६० दिसते. परतताना त्याला आधी तो सगळा कडा चढून मगच घराकडे वळायचं असतं, आणि ती बॅटरी शिल्लक ठेवावी लागते.

संपर्क तुटला तर काय? तीन शब्दांचा फरक

परतीची उंची नीट लावली आणि तरी ड्रोन आला नाही, असंही होतं. कारण संपर्क तुटल्यावर परत यायचंच असं नाही, ते एक वेगळं सेटिंग आहे. सुरक्षा टॅबमध्येच, बहुतेक वेळा तळाशी ‘प्रगत’ विभागात, 失联 किंवा 失控 ने सुरू होणारी ओळ असते. तिला तीन पर्याय: 返航 परत ये, 下降 किंवा 降落 खाली उतर, आणि 悬停 आहे तिथेच तरंगत राहा.

भावाच्या ड्रोनवर 悬停 निवडलेलं होतं. खोलीच्या आत किंवा पुलाखाली उडवणारे असं ठेवतात, कारण तिथे वर चढणं म्हणजे छतावर आपटणं. पण तलावावर संपर्क तुटला असता तर आमचा ड्रोन बॅटरी संपत येईपर्यंत पाण्यावर तरंगत राहिला असता. मग काही मॉडेल कमी बॅटरीचा स्वतंत्र नियम लावून परत निघतात, पण उशीर झालेला असतो. जुना ड्रोन घेताना कॅमेरा आणि बॅटरी सगळे तपासतात, ही ओळ कुणी तपासत नाही.

घर नेमकं कुठे आहे?

ड्रोनच्या लेखी घर म्हणजे पुरेसे उपग्रह मिळाल्यावर नोंदवलेला बिंदू. घाईत, उपग्रह मिळायच्या आत उडवलं तर तो बिंदू उड्डाणानंतर, जिथे सिग्नल चांगला मिळाला तिथे नोंदवला जाऊ शकतो. ते ठिकाण विहीर असू शकतं. म्हणून वरच्या पट्टीत उपग्रहांच्या चिन्हापुढचा आकडा दहा-बाराच्या वर जाईपर्यंत थांबायचं. नोंद झाली की स्क्रीनवर 返航点已刷新 येतं आणि अनेक ॲपमध्ये आवाजही. कानाला साधारण ‘फान-हांग द्येन, ई श्वा-शिन’ असं ऐकू येतं. अर्थ: परतीचा बिंदू नवीन नोंदवला. त्यानंतर नकाशावर H हे अक्षर आपण उभे आहोत तिथेच आहे का हे पाहायचं. हे H चिनी ॲपमध्येही H असतं.

हेच शब्द हवेत असताना ऐकू आले आणि तुम्ही काहीच दाबलं नसेल, तर लगेच नकाशा उघडा. घर हललं आहे.

आम्ही सगळं लावून झाल्यावर तलावाकडे गेलो नाही. ड्रोन मोकळ्या शेतावर साठ-सत्तर मीटर लांब, वीस मीटर उंचीवर नेला. एवढं लांब अशासाठी की अगदी जवळ असताना अनेक ड्रोन उंच न चढता थेट परततात किंवा तिथेच उतरतात, मग चाचणीचा उपयोग नाही. रिमोटवरचं परतीचं बटण दाबून धरलं. तो थांबला, वळला, आणि आकडा चढायला लागला. ऐंशीवर थांबून आमच्याकडे निघाला. डोक्यावर आल्यावर भावाने तेच बटण पुन्हा दाबून परतीचा आदेश रद्द केला आणि हाताने उतरवला. काही जण ही चाचणी रिमोट बंद करून करतात. तसं करू नका, कारण संपर्क तुटल्यावरची ओळ वाचण्यात चूक झाली असेल तर त्याला थांबवायला हातात काहीच उरत नाही.

ड्रोन H पासून हातभर अंतरावर उतरला. भावाने रिमोटच्या मागे डॉक्टरी चिकटपट्टी लावून त्यावर बॉलपेनने पाच चिनी शब्द आणि त्यांचे मराठी अर्थ लिहिले आहेत. पहिला 取消.